बरीचच्या महालाची भूक

अंबरनाथचे शिवमंदिर इ.स. 1060चे. वालधुनीच्या काठची ही काळवंडलेली वास्तू जुनी आहे, पण तिचे भय वाटत नाही. तेथे आजही पूजा होते आणि महाशिवरात्रीला जत्रा भरते. गॉथिक कथेतील वास्तू केवळ जुनी असून भागत नाही. तिचा वारसा तुटलेला असावा लागतो आणि नव्या रहिवाशाचे तिच्याशी नाते काय, हे त्याला स्वतःला सांगता येऊ नये.

रवींद्रनाथ ठाकुरांची 1895 मधील ‘क्षुधित पाषाण’ ही बंगाली कथा अशाच वास्तूभोवती फिरते. तिचे बीज अहमदाबादच्या शाहीबागेत आहे. 1878 मध्ये किशोरवयीन रवींद्रनाथ तेथील मुघलकालीन महालात राहिले होते, कारण त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यातील न्यायाधीश होते आणि तो महाल त्यांचे सरकारी निवासस्थान होता. बादशाही विलासाची जागा कंपनी व राणीच्या अंमलदाराचे घर झाली होती.

कथेचा नायक निजामाच्या राज्यात बरीच येथे कापसावरील कर वसूल करतो. नदीकाठच्या ओसाड संगमरवरी महालात तो मुक्काम करतो. कचेरीतला वृद्ध करीमखान त्याला आधीच सावध करतो. नोकर दिवसभर काम करतात, पण रात्री थांबत नाहीत.

भीतीची उभारणी हळूहळू होते. प्रथम रिकाम्या पायऱ्यांवरून धावत नदीत उतरणाऱ्या स्त्रियांची चाहूल लागते. मग अत्तराचा गंध, पैंजणांचा नाद आणि शेवटी सुटकेची याचना करणारी इराणी दासी. दिवसा इंग्रजी धाटणीच्या कपड्यांत हिशेब लिहिणारा हा माणूस रात्री शाही पोशाख चढवतो. कचेरीत रात्र खोटी वाटते आणि महालात नोकरी हास्यास्पद.

कथेतील खरी अस्वस्थता येथे आहे. इंग्रजी शिक्षणाने घडलेल्या भारतीय नोकरदाराला दोन पोशाख मिळाले, पण दोन्ही उसनेच. गेलेल्या दरबाराचा तो वारस नाही आणि नव्या राज्यव्यवस्थेचा धनीही नाही. शिवाय रवींद्रनाथ त्या दरबाराला सुवर्णयुग ठरवत नाहीत. करीमखानाच्या सांगण्यानुसार महालाच्या दगडांना अतृप्त वासनांचे शाप लागले आहेत. म्हणूनच ते माणसाला गिळू पाहतात. ज्या वैभवाने नायक भुलतो, त्याच्या तळाशी विकत घेतलेल्या स्त्रीचे दुःख आहे.

त्या दासीची कहाणी मात्र वाचकाला कळत नाही. नायक हे सारे रेल्वेस्थानकाच्या प्रतीक्षालयात सांगत असतो. नेमकी तेव्हाच गाडी येते आणि तो निघून जातो. ऐकणाऱ्यांपैकी एकाला ही थाप वाटते. त्याचा थिऑसॉफीवर श्रद्धा असलेला नातेवाईक मात्र तिच्यावर विश्वास ठेवतो, आणि त्यावरून दोघांत कायमचे बिनसते. महालातील दुभंग अशा रीतीने सुशिक्षित कुटुंबात उतरतो, आणि मदत मागणारी स्त्री मागे तशीच राहते.