गुरुजींचे जुळे

गावाकडच्या पुष्कळांची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी ठरवली. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून सरसकट १ जून! दिव्याचा माझा मित्र आणि मी असे गुरुजींचे जुळे.

त्याला शुभेच्छा लिहिल्या आणि कारकुनी सवयीने तपासल्या. तीन ओळींत 'मी' चार वेळा, 'तू' एकदाच. अफरातफरच की! शिवाय माझी खरी तिथी आई दर कार्तिकात साजरी करते. त्या आईवेगळ्याला हा एकच वाढदिवस. त्यातही मी निम्मा वाटा मागत होतो.

कागद फाडला. पुन्हा लिहिलं, "गड्या, तारीख गुरुजींनी दोघांना दिली, पण दिव्याला भरल्या लोकलमध्ये परक्याला हात देऊन आत घ्यायचं मन तुलाच. सुखात राहा."

संध्याकाळी त्याने विचारलं, "आज तुझाही ना रे?"

म्हटलं, "छे, माझा कार्तिकात!"