कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान

आज बाबांची महिन्याची औषधं आणली. चिठ्ठीवरच्या पाचांपैकी चार मिळाली. पाचवं संपलं होतं. दुकानदार काकांनी वहीत नाव लिहून घेतलं आणि संध्याकाळी माल आल्यावर स्वतःच फोन केला. नसेल तर नाही म्हणतात, न विचारता दुसरं हातात ठेवत नाहीत, म्हणून मी तिथेच जाते.

बिल मात्र घरी येऊन ताडून पाहिलं. एक स्ट्रिप पंधरा गोळ्यांची, छापील किंमत १८० रुपये, म्हणजे गोळी बारा रुपयांना. आम्ही दहाच घेतल्या होत्या. १२० व्हायला हवेत, लागले होते १८०. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बिलाशी जुळत होती. म्हणजे माल तोच, चूक हिशेबाची. परत गेले. कॉम्प्युटरमध्ये ती स्ट्रिप दहाची म्हणून नोंदलेली निघाली. काकांनी ६० रुपये परत दिले, नोंद माझ्यासमोर सुधारली, नवं बिल काढलं. मागे रांग होती, तरी कपाळाला आठी नाही.

आणखी एक. गर्दीत ते औषधाचं नाव मोठ्यानं कधीच घेत नाहीत, चिठ्ठीवर बोट ठेवून विचारतात. बाबांना त्याचं फार बरं वाटतं.