कबूल विचारण्याआधी

ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात देताना खालाने विचारलंच, "यंदा तरी आमचं तोंड गोड करणार का?" मी चौतीस वर्षांची आहे. माझा बायोडाटा पनवेलपासून म्हसळ्यापर्यंतच्या ग्रुपांवर फिरतो. मागच्या स्थळाने नोकरी सोडायची अट घातली, म्हणून मी नकार दिला. तेव्हापासून घरात मी नखरेल ठरले.

एकटं वाटतं, हे खोटं नाही. रात्री हार्बरची लोकल पनवेलला थांबते, डबा रिकामा होतो, तेव्हा दिवसभरातलं काहीतरी कुणाला तरी सांगावंसं वाटतं. पण घरी हे बोललं की लगेच नवा फोटो मागतात. म्हणून मी गप्प राहते आणि एकटेपण वाढतं.

आपल्याकडे निकाहाच्या दिवशी वकील आणि दोन साक्षीदार मुलीजवळ येऊन तिला विचारतात, कबूल आहे का? त्याआधीच्या इतक्या वर्षांत मात्र तिला काय हवंय, हे कुणी विचारत नाही.

त्या दिवशी खालाला मी हेच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "रात्री जेवतेस कुणाबरोबर?"

लग्नाचा विषय नसलेला तिचा हा पहिलाच प्रश्न. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोललो.