आधी वजने, मग चालणे

“डॉक्टर, व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून गुडघे लटपटतात,” अवसरी खुर्दचे एक निवृत्त गुरुजी तक्रार घेऊन आले. वय 67. गुडघ्यांना सूज नव्हती, वेदनाही नव्हती. तेव्हा मी व्यायामाचा क्रम विचारला. ते आधी 40 मिनिटे ट्रेडमिलवर भरभर चालत आणि मग दोन्ही हातांत डंबेल धरून खुर्चीवरून ऊठबस करीत. सातव्या-आठव्या वेळी पाय थरथरू लागत.

दोष गुडघ्यांचा नव्हता, क्रमाचा होता. ऊठबस करताना ज्या मांड्यांवर भार येतो, त्या चालण्यानेच दमलेल्या असत. दमलेल्या स्नायूंना वजन पेलत नाही आणि तोलही जातो. उतारवयात एकदा पडणेही खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसे असते.

मी क्रम बदलला. प्रथम 5 मिनिटे सावकाश चालून अंग मोकळे करावे. मग श्वास न कोंडता 10 वेळा ऊठबस, दोन मिनिटे विश्रांती आणि पुन्हा 10. शेवटी 20 मिनिटे चालणे, वेग हळूहळू उतरवीत. दीड महिन्याने गुरुजी माझ्यासमोरच्या खुर्चीतून हात न टेकता उठले.

हृदयाच्या दृष्टीने या क्रमाने फारसा फरक पडत नाही. ज्यांना चालण्याचा दमच वाढवायचा आहे, त्यांनी आधी चालावे आणि वजने दुसऱ्या दिवशी उचलावीत. घरच्यांनी मात्र शेवटच्या ऊठबशीकडे लक्ष द्यावे. पाय थरथरले किंवा हात आधार शोधू लागले, तर तेथेच थांबवावे.