रेषेवरचा शब्द

गेल्या टर्मला आमच्या मराठी विभागातून आम्ही चौघीजणी दर शनिवारी जवळच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला मराठी शिकवायला जात होतो. माझ्या वाट्याला ‘भाषा, बोली आणि लिपी’ हा विषय आला. मी खूश झाले. आमच्या घरात कोकणी, शाळेत मराठी, कॉलेजात निम्मं इंग्रजी. शिवाय आजीचं प्रार्थनेचं पुस्तक कोकणीत, पण रोमी लिपीत छापलेलं. या विषयावर बोलायला माझ्यापेक्षा योग्य माणूस कोण, असं मला मनापासून वाटत होतं.

तासाआधी आणि तासानंतर मुलांकडून संकल्पना-नकाशा काढून घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. वर्कबुकात मधे एक गोल आणि भोवती चार रिकाम्या चौकटी असलेली आकृती असते, तिला बरेचजण नकाशाच म्हणतात. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. संकल्पना-नकाशात दोन शब्द नुसत्या रेषेने जोडून भागत नाही. त्या रेषेवर, त्यांचं एकमेकांशी नातं काय, ते लिहावं लागतं. ‘ढग’ आणि ‘पाऊस’ यांच्यामधल्या रेषेवर ‘यातून पडतो’ असं लिहिलं, की एक वाक्य तयार होतं. वाक्य आलं की ते बरोबर की चूक हे विचारता येतं. नुसत्या रेषेला कुणी चूक म्हणू शकत नाही.

ही पद्धत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२च्या सुमारास काढली. लहान मुलांची विज्ञानाची समज वर्षावर्षाने कशी बदलते, हे ते मुलांच्या मुलाखती घेऊन पाहत होते. मुलाखतींचे ढीग जमले, पण त्यातून बदल दिसेना. म्हणून मूल जे बोललं ते शब्द आणि जोडरेषा अशा रूपात मांडायला सुरुवात झाली. म्हणजे आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून बघणं, हा या नकाशाचा मूळचाच उपयोग आहे.

माझी तयारी अशी होती. आदल्या शनिवारी मी मुलांना ‘पावसाळा’ या विषयावर एक नकाशा काढायला लावला, फक्त सरावासाठी. नाहीतर पहिला नकाशा कच्चा निघतो तो विषय येत नाही म्हणून, की नकाशा काढता येत नाही म्हणून, हे कळत नाही. मग मुख्य तासाच्या सुरुवातीला फळ्यावर एक प्रश्न लिहिला : ‘भाषा, बोली आणि लिपी यांचं एकमेकांशी काय नातं?’ खाली आठ शब्द दिले : भाषा, बोली, प्रमाणभाषा, लिपी, देवनागरी, मराठी, व्याकरण, घर. वेळ बारा मिनिटं. सगळ्यांना सारखेच शब्द दिले, म्हणजे फरक दिसेल तो जोडणीतच. हवे असतील तर स्वतःचे शब्द घालायची मुभा होती. तास संपताना तोच प्रश्न, तेच शब्द, पण कोरा कागद. पहिला नकाशा मी आधीच गोळा करून ठेवला होता. समोर असला की मुलं त्याच मांडणीत चार रेषा वाढवून मोकळी होतात.

तासाचं सांगते. मी ‘मी उद्या बाजारात जाईन’ हे वाक्य फळ्यावर देवनागरीत लिहिलं, मग रोमी अक्षरांत. विचारलं, भाषा बदलली का? मुलं म्हणाली, नाही. मग हिंदी आणि नेपाळी देवनागरीतच लिहितात हे सांगितलं. मराठी पूर्वी मोडीतही लिहिली जायची आणि फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमी अक्षरांत छापलं गेलं, हेही सांगितलं. तिथून बोलीवर आले. वर्गात एक मुलगी आहे, सावंतवाडीकडची, घरात मालवणी. तिला विचारलं, ‘जाणे’ची रूपं तुमच्याकडे कशी होतात? ती लाजत म्हणाली, ‘मी जातंय, तू जातंस, तो जाता.’ मी ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, ‘तू जाता’ म्हटलं तर चालेल का? ती पटकन म्हणाली, ‘छे! आजी हसेल.’ म्हणजे नियम आहे. नियम आहे म्हणजे व्याकरण आहे. तास चांगला झाला, असं मला वाटलं.

संध्याकाळी घरी दोन्ही गठ्ठे घेऊन बसले आणि चूक केली. मी रेषा मोजल्या. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाच्या पहिल्या नकाशात नऊ रेषा होत्या, दुसऱ्यात चौदा. मी कागदाच्या कोपऱ्यात खुशीने बरोबरची खूण केली. मालवणी बोलणाऱ्या त्या मुलीच्या पहिल्या नकाशात सात रेषा, दुसऱ्यात सहा. तिची रेष कमी झाली. मला वाईट वाटलं. जिच्या बोलीवर अर्धा तास गेला, तिलाच काही कळलं नाही?

मग रेषेवरचे शब्द मोठ्याने वाचायला लागले. त्या मुलाच्या पहिल्या नकाशात मधे ‘भाषा’ आणि सायकलच्या चाकासारख्या सगळीकडे आऱ्या. प्रत्येक आरीवर ‘असते’ किंवा ‘आहे’. भाषेला लिपी असते, भाषेला व्याकरण असतं, मराठी ही भाषा आहे. दुसरा नकाशा म्हणजे तेच चाक, आऱ्या वाढलेल्या. मोडी, रोमी, नेपाळी, ख्रिस्तपुराण, मी तासाला उच्चारलेलं प्रत्येक नाव त्यात होतं. पण एका आरीचा दुसरीशी काही संबंध नव्हता. लिपी आणि बोली यांच्यात रेषच नाही. त्याने माझा तास जपून ठेवला होता, पण त्याची आधीची समज तशीच होती. परीक्षेत त्याला पूर्ण मार्क मिळाले असते आणि मला ते कधीच कळलं नसतं.

आता तिचा पहिला नकाशा. वाक्यं अशी होती : ‘देवनागरी म्हणजे मराठी.’ ‘घर इथे बोली.’ ‘बोली चुकीची भाषा.’ ‘व्याकरण फक्त प्रमाणभाषेत.’ दुसऱ्या नकाशात ‘देवनागरी म्हणजे मराठी’ गायब. त्याऐवजी देवनागरी लिपीच्या खाली, आणि लिपी आता भाषेच्या खाली नाही, शेजारी. मधल्या रेषेवर ‘लिहायला, बदलता येते’. व्याकरणापासून दोन रेषा निघाल्या होत्या, एक प्रमाणभाषेकडे, एक बोलीकडे. दोन्हींवर मिळून एकच शब्द : ‘दोघींत’. आणि बोलीकडून भाषेकडे जाणाऱ्या रेषेवर ‘चुकीची’ लिहून खोडलेलं, वर ‘एक तऱ्हा’.

कागदाच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांतले शब्द जोडणाऱ्या अशा रेषेला आडवा दुवा म्हणता येईल. नोव्हाक आणि गोविन यांनी १९८४च्या पुस्तकात नकाशाला गुण द्यायची जी रीत सुचवली, तिच्यात साध्या बरोबर वाक्याला एक गुण आहे आणि महत्त्वाच्या बरोबर आडव्या दुव्याला दहा. कारण आडवा दुवा ऐकून लिहिता येत नाही. दोन ठिकाणचं एकत्र आणल्याशिवाय तो सुचत नाही. तिच्या सहा रेषांत जे हललं होतं, ते त्याच्या चौदा रेषांत नव्हतं. तिची एक रेष कमी झाली, कारण एक चुकीचं वाक्य गळून पडलं होतं. गळालेली रेष हाही बदलच, पण मोजणीत तो तोटा दिसतो.

पुढच्या शनिवारी मी दोघांना त्यांचे दोन्ही कागद शेजारी ठेवून दिले आणि विचारलं, ‘काय बदललं, सांगा.’ हे विचारणं आवश्यकच असतं. नकाशात रेष नाही म्हणजे डोक्यात नाही, असं धरून चालता येत नाही. कधी वेळ संपलेला असतो, कधी रेषेवर लिहायला शब्द सापडलेला नसतो. तो मुलगा बराच वेळ बघत राहिला. ‘लिपी आणि बोली जोडायची कशी, ताई?’ मी म्हटलं, ‘मालवणी कुठल्या लिपीत लिहिता येईल?’ तो म्हणाला, ‘कुठल्याही.’ आणि स्वतःच थांबला. पेन्सिल घेऊन त्याने एक रेष काढली, त्याच्या चाकातली पहिली आडवी. मग त्याने मला विचारलं, ‘पण ताई, आधी बोली की आधी प्रमाणभाषा?’

मी तासाच्या आदल्या रात्री माझा स्वतःचाही नकाशा काढला होता, नमुना म्हणून. तो पिशवीतच होता. त्यात वर ‘प्रमाणभाषा’ आणि तिच्यातून खाली फुटलेल्या फांद्यांवर ‘बोली’. रेषेवर माझ्याच अक्षरात ‘यातून तयार होतात’. साहित्याची विद्यार्थिनी, घरात तीन भाषा, आणि लिहिलं होतं उलटं. मराठीची प्रमाणभाषा पुण्याकडच्या बोलीवर उभी राहिली, एकोणिसाव्या शतकातल्या शाळा, छापखाने आणि कोशांनी ती पक्की केली, हे मी परीक्षेत लिहून आले होते. ते माझ्या चौदा रेषांपैकी एक होतं बहुतेक. मी तो कागद काढून मुलांसमोर ठेवला आणि बाणाचं टोक उलटं केलं. मालवणीवाली मुलगी वाकून बघत म्हणाली, ‘तुमचंपण चुकलं होतं?’

एक गोष्ट राहिली. तास संपता संपता काढलेल्या नकाशात तासाची ऊब असते. म्हणून तीन आठवड्यांनी, न सांगता, मी पुन्हा तेच आठ शब्द फळ्यावर लिहिले. लिपीची समज बहुतेकांची टिकली होती, देवनागरी म्हणजेच मराठी असं फक्त दोघांनी लिहिलं. पण बोलीच्या रेषेवर ‘अशुद्ध’ हा शब्द पाच कागदांवर परत आला होता. लिपीचा गैरसमज एका वाक्याने सुटण्यासारखा होता. बोलीचा मात्र रोज कुणी ना कुणी त्यांना नव्याने शिकवत असणार, त्याला माझा एक तास कसा पुरणार?

तिच्या तिसऱ्या कागदावर त्या रेषेवर खाडाखोड नव्हती. ‘एक तऱ्हा’ एवढंच होतं, आणि नवा, तिने स्वतःच घातलेला नववा शब्द ‘आजी’. ‘आजी’पासून ‘व्याकरण’पर्यंत एक लांब आडवी रेष होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘हिला माहीत आहे’.