शंका होती की सवाल?

मागच्या मोसमातली गोष्ट. थोरल्या आपाचा मुलगा रत्नागिरीजवळ हापूसच्या पल्पचा व्यवसाय करतो. डबाबंद माल, एकेक डबा ३.१ किलोचा, खोक्यात सहा डबे. इंग्लंडमधल्या एका व्यापाऱ्याने त्याच्याकडून पहिल्यांदाच ४०० खोकी घेतली होती. पुढच्या ऑर्डरची बोलणी सुरू असताना एक दिवस तो मोबाइल घेऊन आमच्याकडे आला.

"खाला, मी काही वाईट लिहिलंय का? बघा जरा. गोरा एकदम फुगलाय."

व्यापाऱ्याचं उत्तर एका ओळीचं होतं. यापुढे पैशांबद्दलचा पत्रव्यवहार आमच्या हिशेब विभागाशी करा, नव्या ऑर्डरचं नंतर पाहू. आम्ही म्हटलं, तुझा मेल दाखव. मेल असा होता:

"रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू अबव्ह सब्जेक्ट इट इज टू इन्फॉर्म यू दॅट वुई आर डुइंग बिझनेस ऑफ मँगो पल्प सिन्स १२ इयर्स. युवर पेमेंट हॅज कम अँड इन दॅट ३५ पाउंड्स आर लेस. सो वुई आर हॅविंग डाउट अबाउट युवर पेमेंट. यू शुड क्लॅरिफाय अँड डू द नीडफुल."

वाचताना आम्हाला त्यातलं मराठी स्वच्छ ऐकू येत होतं. "वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की... आपल्या पेमेंटबद्दल शंका आहे. आपण खुलासा करावा व योग्य ती कार्यवाही करावी." मराठीत हे पत्र सभ्यच आहे, थोडं कचेरीच्या वळणाचं इतकंच. पोराने एकही शब्द उद्धटपणे लिहिला नव्हता. शब्दाला शब्द ठेवला आणि घात झाला.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते 'डाउट'ने. वर्गात मुलं हात वर करून "टीचर, एक शंका आहे" म्हणतात तेव्हा त्यांना काही तरी विचारायचं असतं. मराठीतली शंका ही प्रश्नही असते आणि संशयही. इंग्रजीतला 'डाउट' मात्र अविश्वासाकडे झुकतो. 'डाउट अबाउट युवर पेमेंट' वाचून त्या माणसाला वाटलं, हा मला लबाड म्हणतोय. भाच्याला हे समजावायला उर्दू कामी आली. आम्ही विचारलं, "तुला 'शक' होता की 'सवाल' होता?" तो लगेच म्हणाला, "सवाल, खाला! शक कशाला?" मग झालं तर. जिथे सवाल आहे तिथे 'क्वेश्चन', 'डाउट' नाही. तेव्हापासून मराठीत शंका लिहिताना तो आधी उर्दूत काय म्हणेन ते बघतो.

दुसरा काटा 'यू शुड'चा. 'आपण खुलासा करावा' यातला 'करावा' आपल्याकडे अदबीचा. 'करा' म्हणण्यापेक्षा मऊ. पण त्याचं 'यू शुड' केलं की अदब गळून पडते आणि उरतो तो हुकूम, नाही तर तुम्ही चुकलात असं सांगणारा मास्तर. इंग्रजीत विनंती प्रश्नाच्या रूपात करतात: "कुड यू प्लीज चेक". आमच्या बीएडच्या वर्गापासून आजवर आम्ही पाहत आलो आहोत, मुलांना 'शुड'चा अर्थ 'पाहिजे' म्हणून पाठ असतो आणि 'करावे'चं भाषांतर करताना हमखास तोच हाताशी येतो.

'डू द नीडफुल' हे मात्र आपण बनवलेलं नाही. एके काळी साहेबाच्या देशातही ते चालत होतं. तिथे जुनं झालं, आपल्या कचेऱ्यांत राहून गेलं. चूक म्हणण्यापेक्षा त्याचा दोष हा की ते काहीच सांगत नाही. 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे नेमकी कोणती? ३५ पाउंड पाठवायचे? बँकेत विचारायचं? आपल्या कारकुनाला ते संदर्भाने उमगतं, तिकडच्या वाचणाऱ्याला नाही. त्याला काम आणि तारीख, दोन्ही लिहून हवी असतात.

बारा वर्षांचं वाक्य आम्ही काढूनच टाकलं. त्या मेलमध्ये त्याचं काही कामच नव्हतं. पण ते चुकलं कसं, हे सांगून ठेवलं. आपलं 'पासून' एकच आहे. 'जानेवारीपासून' आणि 'बारा वर्षांपासून' दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत 'सिन्स' सुरुवातीच्या क्षणाला आणि 'फॉर' कालावधीला: "वुई हॅव बीन इन धिस बिझनेस फॉर १२ इयर्स". तरी खरं सांगायचं तर अशा चुकांनी गिऱ्हाईक दुरावत नाही. 'अ' आणि 'द' इकडचे तिकडे झाले तरी कोणी रागवत नाही. भाचा उगाच त्यांनाच घाबरून होता.

मग आम्ही त्याला लॅपटॉप मिटायला लावला. वाक्यं दुरुस्त करत बसलो असतो तर पत्र मराठीच राहिलं असतं. कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: काय घडलं, त्याने काय करायला हवं, कधीपर्यंत. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि पत्रातली मुख्य बातमीही तशीच मागे मागे सरकते; आधी कारणं, मग 'म्हणून'. उर्दू ख़तात तर सलाम, ख़ैरियत झाल्याशिवाय मतलबाची गोष्ट येतच नाही. इंग्रजी धंद्याच्या पत्रात बातमी पहिल्या दोन ओळींत आली नाही तर वाचणारा वैतागतो.

मुळात ६,३०० पाउंड यायचे होते, आले ६,२६५. परदेशातून पैसे येताना मधली बँक कधी कधी आपलं शुल्क कापून घेते, हे भाच्यालाही माहीत होतं. लिहायचं मात्र राहिलं होतं. नवा मेल असा झाला:

"थँक यू फॉर युवर पेमेंट अगेन्स्ट इनव्हॉइस १८. वुई रिसीव्हड ६,२६५ पाउंड्स, व्हिच इज ३५ पाउंड्स लेस दॅन द इनव्हॉइस अमाउंट. धिस मे बी अ बँक चार्ज. कुड यू प्लीज चेक विथ युवर बँक अँड लेट मी नो बाय फ्रायडे, १४ जून? आय अ‍ॅम सॉरी इफ माय अर्लियर ईमेल साउंडेड लाइक अ कम्प्लेंट."

वर 'रिस्पेक्टेड सर'ऐवजी 'डिअर मिस्टर' आणि आडनाव. भाचा पहिल्या नावामागे मिस्टर लावत होता, आपण 'इस्माईलसाहेब' म्हणतो तसं. तिकडे मिस्टर आडनावालाच शोभतो. 'वुई' मात्र राहू दिलं, कारण पैसे फर्मला मिळाले होते. शेवटी 'आय', कारण मेल त्याने एकट्याने लिहिला होता. (आम्हाला स्वतःला 'आम्ही' म्हणायची खोड आहे, म्हणून हे जास्तच जपून पाहिलं.)

पाठवण्याआधी एक परीक्षा घेतली. मूळ मराठी न सांगता मेल आमच्या मुलीला वाचायला दिला आणि विचारलं, त्या माणसाने आता काय करायचं? ती म्हणाली, "बँकेत विचारायचं आणि शुक्रवारपर्यंत कळवायचं." जुना मेल दिला तेव्हा ती म्हणाली, "माफी मागायची?"

भाच्याने विचारलं, दुबईच्या गिऱ्हाइकालाही आता असंच लिहू का? तो गिऱ्हाईक केरळचा. त्याला 'नीडफुल' नीट कळतं, कदाचित आवडतही असेल. तिथे एवढी सफाई केली नाही तरी चालेल, 'शंका' तेवढी जपायची. आणि करारातले, बँकेचे, जहाजाच्या कागदांवरचे ठरलेले शब्द सोपे करायला जायचं नाही. ते जसेच्या तसे हवेत, नाही तर माल बंदरात अडकायचा.

दोन दिवसांनी उत्तर आलं. कापलेले पैसे बँकेचेच होते, पुढच्या वेळी ते शुल्क आम्ही भरू, आणि सप्टेंबरसाठी २०० खोक्यांचा भाव कळवा. भाच्याने भाव कळवणारा मेल स्वतः लिहिला आणि आम्हाला फक्त दाखवायला आणला. पहिल्याच ओळीत भाव, दुसरीत तारीख. शेवटी त्याने लाजत विचारलं, "खाला, वर 'होप यू आर वेल' घातलं तर चालेल ना? ख़ैरियत न विचारता कसंतरीच वाटतं."

आम्ही म्हटलं, घाल. एक ओळ चालते.