दहा तारखेच्या आत

आमच्या लहानपणी घरात दहा तारखेला मोठा मान होता. कुणाचे उसने परत यायचे असोत, शेतमालाचे पैसे असोत, बाबा म्हणायचे, "दहाच्या आत खात्यात पडले पाहिजेत." आणि काढायचे असले तर "एक तारीख उजाडू दे."

यामागे बँकेचा नियम होता. बचत खात्यावरचं व्याज तेव्हा रोजच्या शिलकेवर मिळत नसे. दहा तारखेच्या व्यवहारानंतर ते महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वात कमी शिल्लक असेल, तेवढ्याच रकमेवर त्या महिन्याचं व्याज लागे. समजा, महिनाभर चाळीस हजार होते आणि अठ्ठावीस तारखेला फीसाठी तीस हजार काढले. सत्तावीस दिवस चाळीस हजार बँकेकडे राहिले, तरी व्याज दहा हजारांवरच. २००३ पासून पुढची काही वर्षं दर साडेतीन टक्के होता. त्या हिशेबाने हातात पडायचे जेमतेम २९ रुपये. फी तीन दिवस थांबली असती तर ११७ रुपये मिळाले असते. आजच्या डोळ्यांना हा फरक किरकोळ वाटेल, पण तेव्हा त्यात महिन्याचं दूध-बिल थोडं हलकं होई. म्हणून बाबा पासबुक भरून आणल्यावर पेन्सिलीने प्रत्येक महिन्याच्या नीचांकी शिलकेखाली रेघ मारायचे. मला ते वाचन फार आवडायचं.

१ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकेवर व्याज मोजायला लावलं आणि ती रेघ निकामी झाली. वरच्याच उदाहरणात सत्तावीस दिवस चाळीस हजार आणि तीन दिवस दहा हजार अशी बेरीज करून त्याच दराने १०६ रुपये होतात. एकही तारीख पाळायची गरज नाही. हा बदल न्याय्य होता, असं मला मनापासून वाटतं. ज्यांना दहा तारखेचं गुपित कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांचं नुकसान थांबलं. पोस्टाच्या बचत खात्यात मात्र दहा तारीख अजून पाळतात. तिथे खातं असेल तर बाबांचा नियम आजही लागू आहे.

पण मोजणी सुधारली तरी दर मात्र खाली आला. २०११ च्या ऑक्टोबरात बचत खात्याचा दर ठरवायची मोकळीक बँकांना मिळाली आणि आज मोठ्या सरकारी बँकांत तो अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा तारीख सांभाळायची होती, आता शिल्लक सांभाळायची आहे, आणि त्यासाठी आहे ऑटो स्वीप. ठरलेल्या मर्यादेवरची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते आणि खात्यात कमी पडलं की ठेव तेवढ्यापुरती मोडून परत येते.

हिशेब करू. खात्यात वर्षभर १,८०,००० पडून आहेत. अडीच टक्क्यांनी वर्षाचं व्याज साधारण ४,५००. आता मर्यादा ५०,००० ठेवली आणि उरलेले १,३०,००० सहा टक्क्यांच्या ठेवीत गेले असं धरा. ठेवीचे ७,८०० आणि खात्यातल्या रकमेचे १,२५०, मिळून ९,०५०. दुप्पट!

ही दुप्पट टिकते ती पैसे खरोखर पडून असतील तरच. मर्यादा फार कमी ठेवली, की पगार झाल्यावर ठेव होते आणि पाच दिवसांनी घराच्या हप्त्यासाठी मोडते. सात दिवसांच्या आत मोडलेल्या ठेवीवर सहसा काहीच व्याज मिळत नाही. तेच पैसे बचत खात्यात राहिले असते तर अडीच टक्क्यांनी का होईना, काही तरी पडलं असतं. जास्त दिवसांनी मोडली तर जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या मुदतीचाच दर मिळतो, आणि त्यातूनही बऱ्याच बँका अर्धा-एक टक्का दंड कापतात. आपलं काय चाललंय हे स्टेटमेंटमध्ये दिसतं. दर महिन्याला ठेव केल्याची आणि मोडल्याची जोडनोंद दिसत असेल, तर महिन्याचा सगळा खर्च आणि हप्ते मावतील इतकी मर्यादा वाढवून घ्यावी. शाखेत आणखी एक विचारावं: मोडताना आधी शेवटची ठेव मोडते की सर्वात जुनी? शेवटची मोडत असेल तर उत्तम, कारण जुन्या ठेवीवर साठलेली मुदत वाया जात नाही.

आणि कर. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजाला साठीच्या आतल्यांसाठी दहा हजारांपर्यंत वजावट मिळते, स्वीपमधल्या ठेवीच्या व्याजाला नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्या ७,८०० वर उपकरासह सुमारे १,६२२ रुपये कर जाईल. ९,०५० मधून ते वजा केले की ७,४२८ उरतात. ४,५०० पेक्षा तरीही बरेच जास्त.